प्रमाणपत्र हाती, पण सोनं बँकेचं

न्यूझीलंडमध्ये गोल्डकॉर्प एक्स्चेंज नावाची कंपनी लोकांना सोनं विकायची आणि तेच सोनं सांभाळायचीही. 'नॉन-अ‍ॅलोकेटेड' खात्यात, म्हणजे कुठलीही ठराविक लगड नावावर न ठेवणाऱ्या खात्यात, पैसे भरले की गिऱ्हाईकाला प्रमाणपत्र मिळायचं. सात दिवस आधी कळवलं की सोनं हातात, असं आश्वासन असायचं. जुलै 1988 मध्ये कंपनी बुडाली, कंपनीला कर्ज देणाऱ्या बँकेने मालमत्ता ताब्यात घेऊन वसुली करणारे रिसीव्हर नेमले, आणि तिजोरीत दिलेल्या शब्दांना पुरेल इतकं सोनंच नाही हे उघड झालं. हजाराहून जास्त लोक अडकले होते.

प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे न्यूझीलंडच्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत गेलं आणि 1994 मध्ये निकाल लागला. माणसं फसवली गेली हे उघड होतं, तरी नॉन-अ‍ॅलोकेटेडवाले हरले. कारण साधं आहे, आणि म्हणूनच जास्त टोचतं: कुठली लगड कोणाची हे कधी ठरलंच नव्हतं. जो माल नेमका ठरलेला नाही, त्याची मालकी पैसे भरूनही विकत घेणाऱ्याकडे जात नाही. आपल्याकडे 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 18 हेच सांगतं.

आकड्यांत बघा. समजा कंपनीने एकूण 100 किलो सोन्याची कबुली दिली आहे आणि तिजोरीत आहे 40 किलो. त्यातलं 10 किलो क्रमांकानिशी वेगळं ठेवलेलं असेल, तर ते अ‍ॅलोकेटेड खातेदारांचं. धनकोंना त्याला हात लावता येत नाही. उरलेलं 30 किलो कंपनीचं. कंपनीच्या सगळ्या मालमत्तेवर बँकेचा बोजा असेल, तर आधी बँक वसूल करणार. बाकीचे 90 किलोवाले तिच्या मागे, साध्या उधारीवाल्यांच्या रांगेत. गोल्डकॉर्पमध्ये बँकेचंच देणं पुरतं फिटत नव्हतं.

वेगळं ठेवलेलं सोनंही आपोआप सुरक्षित राहत नाही. गोल्डकॉर्पने वॉकर अँड हॉल या दुसऱ्या पेढीचा व्यवसाय घेतला होता. तिच्या गिऱ्हाइकांचं सोनं आधी खरंच वेगळं होतं. गोल्डकॉर्पने ते आपल्या साठ्यात मिसळलं. या लोकांचा हक्क कोर्टाने मानला, पण मधल्या काळात साठा जितका खाली गेला होता, त्या नीचांकापुरताच.

म्हणून प्रमाणपत्रावर 'तुमच्या नावे 50 ग्रॅम जमा' एवढंच असेल, तर ते फक्त देणं आहे. लगडींची यादी मागा: शुद्ध करणाऱ्या कारखान्याचं नाव, लगडीचा क्रमांक, वजन, कस. तीन महिन्यांनी पुन्हा मागा. तुम्ही काही विकलं नसताना क्रमांक बदलले असतील, तर तुमचं सोनं कोणीतरी फिरवतंय. साठवणुकीचं भाडं शून्य असेल तरी सावध व्हा. तिजोरी आणि विम्याला खर्च येतोच, आणि तो खर्च न घेणारा बहुधा तुमचे पैसे स्वतःच्या धंद्यात वापरत असतो. करारात 'मालकी खातेदाराची, सोनं कंपनीच्या ताळेबंदाबाहेर' हे शब्द नसतील, तर पैसे भरण्याआधी लेखी उत्तर घ्या.