प्रीएम्प्ट चालू की बंद?

बुटीबोरीतल्या एखाद्या कारखान्यात दोन लेयर थ्री स्विच आहेत असं धरा. ‘अ’ची प्रायॉरिटी 110, ‘ब’ची 100, व्हीआरआरपीनं दोघांचा मिळून एकच व्हर्च्युअल गेटवे 10.20.10.1; तो सांभाळतो तो मास्टर. मे महिन्यात वीज गेली, यूपीएसनं मान टाकली आणि ‘अ’ बंद पडला. मास्टर ‘मी चालू आहे’ अशी व्हीआरआरपी जाहिरात दर सेकंदाला पाठवत असेल तर ‘ब’ साधारण 3.6 सेकंदांत मास्टर होतो. व्हर्च्युअल मॅक तोच राहतो, म्हणून पीसींना एआरपी बदलावा लागत नाही.

खरी गंमत ‘अ’ परत आल्यावर होते. प्रीएम्प्ट चालू असेल (बहुतेक ठिकाणी असतंच) तर व्हीएलएएन इंटरफेस उठताच तो गेटवे हिसकावतो. पण ओएसपीएफ अजून जुळलेलं नसतं, म्हणजे बाहेरचे मार्ग त्याला माहीत नसतात. गेटवेला पिंग जातो, बाहेर मात्र काहीच नाही. लोक कोअरवर शंका घेतात आणि मिनिटभरात सगळं आपोआप सुरळीत!

प्रीएम्प्ट बंद ठेवलं तर हा दुसरा झटका टळतो. मात्र स्पॅनिंग ट्रीचं रूट ‘अ’कडे परततं, गेटवे ‘ब’कडेच राहतो, आणि ट्रॅफिक मधल्या लिंकवरून वळसा घालतं. शिवाय व्हर्च्युअल आयपी हाच ‘अ’चा खरा आयपी असेल, तर प्रायॉरिटी 255 होते आणि तो बंदी जुमानत नाही.

मी चालूच ठेवतो, पण उशीर लावून:

```
vrrp 10 preempt delay minimum 120
```

120 हा आकडा आंधळेपणानं घेऊ नका. रीबूटनंतर `show ip ospf neighbor` मध्ये FULL दिसायला किती वेळ लागतो ते मोजा आणि त्याहून थोडा जास्त ठेवा.