कॅरियस पद्धत: सूत्र की मोल?

दादरच्या क्लासमधल्या भाचीचा प्रश्न: हॅलोजनचं शेकडा प्रमाण पाठ केलेल्या सूत्राने काढू, की मोलने? एकच उदाहरण दोन्हीकडून करून बघ. ०.२२५ ग्रॅम क्लोरोबेन्झिन, सीलबंद नळीतून मिळालेलं AgCl ०.२८७ ग्रॅम.

सूत्र: (३५.५ ÷ १४३.५) × (०.२८७ ÷ ०.२२५) × १०० = ३१.५६ टक्के. एका ओळीत होतं, पण ब्रोमिनला १८८ ऐवजी सवयीने १४३.५ लिहिलं, तर चूक लक्षातही येत नाही.

मोल: ०.२८७ ÷ १४३.५ = ०.००२ मोल, म्हणून क्लोरिन ०.०७१ ग्रॅम, उत्तर तेच. शिवाय संयुगही ०.००२ मोलच (रेणुभार ११२.५), म्हणजे रेणूत क्लोरिन एकच, हेही कळतं.

अवक्षेप ओला राहिला तर दोन्ही उत्तरं फुगतात. वजन स्थिर होईपर्यंत वाळवायलाच हवा.

बहुपर्यायी परीक्षेला सूत्र, रेणुसूत्र शोधायचं असेल तर मोल.