सहलीला नाही म्हणायचं आहे: खोटं कारण, ‘बघतो’, सरळ नकार की आपला आकडा?

फोंड्यातले सात मित्र दिवाळीनंतर चार दिवस हंपीला जायचं ठरवतायत असं धरा. चवथीचा खर्च अजून पुरता फिटलेला नाही, आणि ग्रुपवर तारखांचं पोल येऊन पडलंय. सातांतल्या एकाला हे परवडणारं नाही. त्याच्यापुढे चार वाटा असतात: खोटं कारण द्यायचं, ‘बघतो’ म्हणत लांबवायचं, सरळ नाही म्हणायचं, किंवा आपल्याला झेपणारा आकडा सांगून बघायचं.

यातली कुठली बरी हे ठरवण्याआधी आपल्या नकाराची किंमत इतरांना किती पडते ते बघावं. चिकटपणाचा शिक्का बहुधा तिथूनच बसतो. सात जणांना सात जागांची इनोव्हा पुरत नाही, कारण त्यातली एक जागा ड्रायव्हरची. म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर आली. बाहेरगावच्या भाड्याला गाडीवाले दिवसाला किमान किलोमीटर धरतात. ते 300 धरले तर चार दिवसांचे 1,200 होतात. ट्रॅव्हलर 30 रुपये किलोमीटरने 36,000, इनोव्हा 20 ने 24,000. दर गाडीगणिक बदलतील, टोल, कर्नाटकचा कर आणि ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. पण हिशेबाची रीत हीच. सात जणांत ट्रॅव्हलर माणशी सुमारे 5,143 ला पडते. सातवा वेळेवर गळला तर सहाजण इनोव्हाने जातात आणि माणशी 4,000 देतात. खोल्यांचंही तसंच. सहाजण तीन खोल्यांत नीट बसतात, सातव्यासाठी जादा गादी किंवा चौथी खोली लागते. म्हणजे गाडी ठरण्याआधी दिलेला नकार उरलेल्यांना उलट हजारेक रुपयांनी फायद्याचा पडतो.

तोच नकार ट्रॅव्हलरचा ॲडव्हान्स गेल्यावर आला तर 36,000 सहांत वाटले जातात, माणशी 6,000. प्रत्येकाच्या डोक्यावर 857 रुपये जास्त. आठ जणांतून एक गळला तर गणित वेगळं. उरलेल्या सातांना ट्रॅव्हलर लागतेच, त्यामुळे तिथे लवकर सांगूनही थोडा भार पडतो. आपल्या ग्रुपची संख्या कुठल्या बाजूला आहे ते एकदा मोजून घ्यावं.

आता ‘बघतो’. ही वाट सगळ्यांत सौम्य वाटते, आणि याच हिशेबामुळे सगळ्यांत महाग पडते. ‘बघतो’ म्हणणाऱ्याला गाडी ठरवणारा मित्र येणाऱ्यांतच धरतो, कारण जागा कमी पडण्यापेक्षा जास्त असलेली बरी. दोन आठवड्यांनी ‘जमत नाही रे’ आलं की त्याला वाढलेले 857 प्रत्येकाकडून मागत फिरावं लागतं. राग पैशांपेक्षा त्या मागण्याचा असतो. शिवाय पोल बहुतेकदा तारखांचं असतं, खर्चाचं नसतं. तारीख सोयीची म्हणून टिचकी मारली की ती होकारात जमा होते. खरोखर ठरलं नसेल तर पोलला हात न लावता लिहावं, ‘माणशी खर्च किती येतोय ते कळू दे, मग शुक्रवारपर्यंत नक्की सांगतो.’ आणि शुक्रवारी सांगावंच.

खोटं कारण देणारे दोन गोष्टी विसरतात. पहिली म्हणजे, समोरचा ते कारण दूर करू शकतो. ‘सुट्टी मिळत नाही’ म्हटलं की मित्र तारीख पुढे ढकलायला तयार होतात. ‘घरी कार्यक्रम आहे’ म्हटलं की विचारतात, ‘कधी? मग आपण त्याच्या आधी जाऊ.’ आता दुसरं कारण शोधणं आलं. दुसरी गोष्ट गोव्याचा आकार. रजा नाही म्हणून सांगितलेला माणूस त्याच शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात कुणाच्या तरी मावशीला भेटतोच. आजारपणाचं कारण तर देऊच नये. लोक खरंच चौकशीला घरी येतात.

उरल्या दोन वाटा, सरळ नकार आणि आपला आकडा. निवड इथेच करायची, आणि ती एका प्रश्नावर ठरते: खर्च कमी झाला तर मी जाईन का?

उत्तर ‘हो’ असेल तर आकडा सांगावा, पण पूर्ण आणि एकदाच. ‘माझं या वेळी सगळं धरून सात हजारांपर्यंत जमेल. त्यात बसत असेल तर मी आहे, नसेल तर तुम्ही बिनधास्त जा, माझ्यासाठी काही बदलू नका.’ शेवटचं वाक्य गाळू नये. ते नसलं तर हा आकडा म्हणजे सगळ्यांनी स्वस्तात जावं अशी मागणी वाटते. आकडा जेवणाखाणासकट ठरवावा. गाडी आणि खोली झेपली म्हणून गेलेला माणूस मग होस्पेटच्या हॉटेलात बिलातली आपली चपाती वेगळी मोजतो, आणि चिकट हा शब्द तिथे कमावतो. न जाणाऱ्याला तसं म्हणायला कुणाला फारसं कारण मिळत नाही.

उत्तर ‘नाही’ असेल, म्हणजे चार हजारांतही जायचं नसेल, तर पैशाचा आकडा तोंडातून काढू नये. ‘महाग आहे रे’ म्हटलं की चांगले मित्र लगेच स्वस्त खोल्या शोधतात, दोन दिवस कमी करतात, आणि एवढं करून परत नाही म्हणणं जड जातं. अशा वेळी, ‘या वर्षी बाहेरगावचा खर्च नाही करायचा असं ठरवलंय, त्यामुळे हंपीला मी नाही. मला न धरता गाडी बघा.’ एवढंच. ‘परवडत नाही’ आणि ‘ठरवलंय’ यांत फरक पडतो. पहिल्यावर लोक मदत सुचवतात, दुसऱ्यावर सहसा सुचवत नाहीत. चवथीचं कारण जोडायचं तर जपून. ग्रुपातल्या सगळ्यांच्याच घरी गणपती असतो, आणि ‘आमचा काय खर्च झाला नाही?’ हा प्रश्न रास्त आहे.

सांगायचं कुणाला, याचाही क्रम आहे. आधी गाडी ठरवणाऱ्याला फोन, मग ज्याच्याबरोबर खोली वाटून घ्यायची होती त्याला, आणि शेवटी ग्रुपवर दोन ओळी. ग्रुपवर थेट टाकलं की सहाजण एकदम मनधरणी करतात. सहल थोरल्या चुलतभावाने काढली असेल तर मेसेज नकोच. ‘दादा, या वेळी आमचं नको धरू’ हे फोनवर सांगावं, वहिनींच्या कानावरही स्वतःच घालावं.

कुणी ‘मी भरतो, सावकाश दे’ म्हणालं तर, ‘थँक्स रे, पण उधारीवर फिरायला मला मजा नाही येणार.’ खर्चावर, हॉटेलवर, इतरांच्या हौसेवर शेरा मात्र मारू नये. ‘तिथे दगडच तर बघायचेत’ हे वाक्य नकारापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतं.

ॲडव्हान्स दिल्यावर माघार घ्यायची वेळ आली तर गाडीतला आपला वाटा परत मागू नये. वरच्या हिशेबात ते 5,143. त्या जागेवर दुसरा कुणी तयार झाला तर ते पैसे त्याच्याकडून घ्यावेत, आणि तो शोधायचं काम आपलं. खोलीचे पैसे होमस्टेवाल्याने परत केले तरच आपले समजावेत. जेवण आणि तिकिटांसाठी जमा केलेली रक्कम मात्र न संकोचता मागावी, ती अजून कुणी खर्च केलेली नसते.