नमस्कार करावा की हात मिळवावा?

भाची नव्या नोकरीत रुजू होतेय. तिचा प्रश्न: अनोळखी माणसापुढे हात जोडू की हात पुढे करू?

नमस्कार चार-पाच फुटांवरून होतो, खोलीतल्या दहाजणांना एकदाच पुरतो. हस्तांदोलनाला समोरच्याचाही हात लागतो. तो आला नाही तर आपला हात हवेत लटकतो आणि उगाच केसांवरून फिरवावा लागतो.

खूण आधीच दिसते. हातातली फाइल डाव्या हातात गेली, उजवा खांदा जरा पुढे आला, की हात येतोय. दोन्ही कोपरं अंगालगत वर आली तर नमस्कार. वडीलधारे असतील तर पुढाकार त्यांच्याकडे सोडावा.

परदेशी ग्राहक, कंपनीतली औपचारिक भेट यांना हस्तांदोलन बरं. घोळका, घरगुती बैठक किंवा अंदाजच येत नसेल तर सरळ नमस्कार.