तुकडे जुळवून आकृती: आधी घरं मोजायची की आधी बसवून बघायचं?

माझा भाचा यावलला पाचवीला आहे, स्कॉलरशिपची तयारी चालू आहे, आणि "कोणत्या पर्यायातले तुकडे जोडल्यावर ही आकृती होईल" हा प्रश्न त्याला जड जातो. क्लासमध्ये आकृतीतले छोटे चौकोन, म्हणजे घरं, मोजायला सांगतात, ताई म्हणते डोळ्यासमोर आणून बसव. दोन्ही करून बघायला केळीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे कापले.

आकृती घेतली आयत, 3 आडव्या ओळी आणि 4 उभ्या रांगा, म्हणजे 12 घरं. चार पर्याय, प्रत्येकात तीन तुकडे.

मोजणं फास्ट आहे. पहिल्या पर्यायात 2 बाय 2 चा चौकोन, T अक्षरासारखा चार घरांचा टी आणि तीन घरांची पट्टी, 4+4+3 म्हणजे 11, एक घर रिकामं राहणार, गेला. पण बाकी तिघांची बेरीज 12च येते आणि मोजणाऱ्या पोराचं तिथेच अडतं. दुसऱ्यात पाच घरांची सरळ पट्टी होती, आयत जास्तीत जास्त 4 लांब, मग ती बाहेर येणारच, म्हणून बेरजेनंतर लगेच सगळ्यात लांब तुकडा बघायचा.

तिसरा खरा फसवा: चौकोन, टी आणि चार घरांची पट्टी. पट्टी उभी बसत नाही, उंची 3च आहे. आडवी मधल्या ओळीत ठेवली तर चौकोनाला जागा नाही, म्हणून ती वर किंवा खाली कडेलाच, मग राहतं 2 बाय 4, त्यात चौकोन कुठेही ठेवा टी बसत नाही. आयताला बुद्धिबळाच्या पटासारखं काळंपांढरं करा, 6 काळी 6 पांढरी होतात, पट्टी आणि चौकोन प्रत्येकी 2-2 घेतात, टी मात्र 3-1 घेतो, मग हिशोब 7-5 होतो. म्हणून कितीही फिरवा, नाहीच.

चौथा: चौकोन आणि L अक्षरासारखे, चार-चार घरांचे दोन सारखे एल. भाचा म्हणे, "मामा, हा पण बसत नाही राहिला", कारण त्याने एक एल डाव्या कडेला उभा केला आणि चौकोन वर मधोमध ठेवला, उजवीकडे उरलेली जागा आरशातला एल मागत होती, आणि आम्ही तुकडा फक्त फिरवायचा, पालथा करायचा नाही असं ठरवलं होतं. चौकोन वरच्या डाव्या कोपऱ्यात सरकवला, एक एल त्याच्या खालून आडवा, टोक उजवीकडे वर, दुसरा उजव्या कडेला उभा, वरचं टोक डावीकडे. झालं फिट! हेच उत्तर.

नुसत्या नजरेवर पण राहू नका. 8 बाय 8 चा चौरस दोन त्रिकोण आणि दोन समलंब चौकोनात कापून 5 बाय 13 चा आयत "बनतो", 64 चे 65 दिसतात, कारण कर्णावर बारीक फट राहते आणि ती डोळ्याला दिसतच नाही, मोजल्यावरच कळतं.

त्यामुळे माझं मत, चौकटी असतील तर मोजणं आधी, मग लांब तुकडा, आणि तरी दोन पर्याय उरले तर त्यातला मोठा तुकडा आधी कोपऱ्यात टाकून बघा. तिरपे त्रिकोण असतील तर अर्धी घरं जोडून मोजा. पट रंगवायचं घरी शिकवा, पेपरमध्ये त्याला वेळ मिळेलच असं नाही.