स्वप्रकाशित पुस्तकाची ऑनलाइन विक्री: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

स्वतः छापलेले पुस्तक ऑनलाइन विक्रीमंचावर ठेवून आता बरेच महिने झाले आहेत, आणि या काळात माझे ठाम मत बनले आहे की प्रतींची संख्या ठरवण्याच्याही आधी लेखकाने पुस्तकाचे वजन काढावे. माझे पुस्तक १९२ पानांचे, म्हणजे सोळा पानी बारा फर्म्यांचे असून त्याचा आकार १४ बाय २१.६ सेंटिमीटर आहे. ७० जीएसएम कागदावर आतील पानांचे वजन सुमारे २०३ ग्रॅम भरते आणि मुखपृष्ठ धरून एक प्रत २२२ ग्रॅमच्या आसपास जाते. हेच पुस्तक ८० जीएसएमवर छापले असते, तर प्रत सुमारे २५१ ग्रॅमची झाली असती. एका प्रतीपुरता हा फरक किरकोळ वाटतो. परंतु कुरिअरचे दर बहुधा ५०० ग्रॅमच्या टप्प्यांनी आकारले जातात, त्यामुळे ७० जीएसएमच्या दोन प्रती ४५ ग्रॅमच्या वेष्टनासह एकाच टप्प्यात बसतात, तर ८० जीएसएमच्या दोन प्रती वेष्टनाआधीच पुढच्या टप्प्यात जातात. दोन प्रतींच्या मागणीवर प्रतिप्रत पाठवणी खर्च निम्मा होतो तो यामुळेच.

खोक्याचा आकारही तितकाच महत्त्वाचा आहे. अनेक कुरिअर सेवा लांबी, रुंदी व उंचीचा सेंटिमीटरमधील गुणाकार ५००० ने भागून आकारमानी वजन काढतात आणि प्रत्यक्ष वजनापेक्षा ते जास्त असल्यास त्यानुसारच पैसे घेतात. ३० बाय २२ बाय ८ च्या तयार खोक्यात एकच प्रत घातली, तरी ती एक किलोहून अधिक धरली जाते. अंगाबरोबर बसणाऱ्या पन्हळी पुठ्ठ्याच्या वेष्टनात हा प्रश्न उरत नाही. विक्रीमंचावरील नोंदीत मी म्हणूनच नुसत्या पुस्तकाचे नव्हे, तर वेष्टनासहित वजन व मापे भरतो. देयकात आकारलेले वजन नोंदीपेक्षा जास्त दिसले, की तराजूवर ठेवलेल्या पाकिटाचे छायाचित्र पाठवून हरकत घेता येते.

प्रतींबाबत मी ३०० डिजिटल छपाईच्या प्रतींवर समाधानी आहे. ऑफसेटमध्ये प्लेट आणि मांडणीचा स्थिर खर्च असल्याने हजार प्रतींचा प्रतिप्रत दर आकर्षक दिसतो, मात्र न विकलेल्या प्रतींची किंमत त्या दरात दिसत नाही. छापील किंमत १०० मानून माझा हिशेब असा आहे: छपाई ३२, विक्रीमंचाचा वाटा १५, वेष्टन ४ आणि एका प्रतीची पाठवणी २४, हाती २५ राहतात. परत आलेल्या प्रतीचा जाण्यायेण्याचा खर्च याच २५ मधून जातो.

आयएसबीएनविषयी एवढेच सांगतो की कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी व ई-पुस्तक यांना स्वतंत्र क्रमांक लागतात, मजकूर न बदलता केलेल्या पुनर्मुद्रणाला मात्र तोच क्रमांक चालतो. नोंदीतील तेरा अंक मलपृष्ठावरील बारकोडशी आणि बांधणीचा प्रकार त्या क्रमांकाशी जुळवून पाहावा, कारण ई-पुस्तकाचा क्रमांक छापील नोंदीत गेला, तर दोन्ही आवृत्त्या शोधात एकमेकींत मिसळतात.