एफडीवर कर्ज : दोन बँकांचे कागद, कुठला घ्यायचा?

माझ्या भावाला घराच्या दुरुस्तीसाठी 3 लाख हवेत, 8 महिन्यांनी परत करेल. त्याच्या दोन बँकांत 4-4 लाखांच्या एफडी आहेत, दोन्ही 7 टक्क्यांच्या. पहिली 5 महिन्यांत पिकते, दुसरीला अजून दीड वर्ष आहे. दोन्हीकडचे कर्जाचे कागद शेजारी ठेवून वाचले तेव्हा कळलं की सगळे आधी व्याजदर विचारतात पण खरी गोम मॅच्युरिटीच्या ओळीत असते.

पहिलीकडे मार्जिन, म्हणजे ठेवीतला कर्ज न मिळणारा हिस्सा, 10 टक्के म्हणजे 3 लाख 60 हजारपर्यंत मिळतात, व्याज एफडीच्या दरावर 1 टक्का, म्हणजे 8. दुसरीकडे मार्जिन 25 टक्के आणि व्याज 9. 3 लाखांवर 8 महिन्यांत 16 हजार विरुद्ध 18 हजार, फरक फक्त 2 हजारांचा. पण दुसरीकडे 25 टक्के कापल्यावर बरोब्बर 3 लाखच उरतात, जागाच नाही, त्यात ओव्हरड्राफ्ट असल्यामुळे व्याज त्याच खात्यात चढतं, पहिल्या महिन्याचं 2,250 व्याज भरलं नाही की खातं लगेच लिमिटच्या वर जातं.

आणि '1 टक्क्यात कर्ज मिळतं' असं ऐकलं तर विश्वास ठेवू नका, एफडीच्या व्याजावर टॅक्स लागतो आणि घरखर्चासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजाची वजावट मिळत नाही. 30 टक्के स्लॅबमध्ये 7 चे हातात 4.9 येतात (सेस सोडून), म्हणजे खरा फरक 3.1 टक्के.

आता मॅच्युरिटी. पहिल्या कागदात एवढंच लिहिलंय की मुदत संपल्यावर बँक ठेवीतून कर्ज वसूल 'करू शकेल'. करेल असं नाही, करू शकेल! वसूल केलं तर ठीक, उरलेले पैसे सेव्हिंगमध्ये येतील. पण लिएन, म्हणजे ठेवीवरचा बँकेचा ताबा, असल्यामुळे ऑटो रिन्यूअल अडकलं आणि वसूलीही झाली नाही तर? रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या नियमाप्रमाणे पिकून पडलेल्या ठेवीला सेव्हिंगचा दर किंवा मूळ दर, जो कमी तो मिळतो. सेव्हिंगचा दर 2.5 धरला तर उरलेल्या 3 महिन्यांत 3 लाखांवर 1,875 मिळणार आणि कर्जाचं व्याज 6 हजार जाणार, शिवाय थकबाकीचा चार्ज वेगळा.

म्हणून भावाला सांगितलं, पहिलीकडेच घे, पण सही करायच्या आधी शाखेकडून लेखी घे की मॅच्युरिटीला एफडी रिन्यू होईल, लिएन नव्या पावतीवर जाईल आणि कर्जाचा दर नव्या एफडीच्या दराप्रमाणे ठरेल की जुना राहील. लेखी देत नसतील तर सरळ दुसरीकडे जा, 2 हजार जास्त गेले तरी चालतील, फक्त तिथे उचल 2 लाख 90 हजारच कर आणि 10 हजार स्वतःचे घाल म्हणजे पहिल्या चार महिन्यांच्या व्याजाला जागा राहील.

लिएनचं कलमही वाचा. 'या कर्जापुरता' लिएन आहे की 'बँकेच्या सर्व येण्यांसाठी'? दुसऱ्या प्रकारात हे कर्ज फिटलं तरी त्याच बँकेचं क्रेडिट कार्ड थकलं असेल तर ठेव अडकू शकते. कर्ज फेडल्यावर नेटबँकिंगमध्ये लिएनची रक्कम शून्य दिसेपर्यंत शाखेचा पाठपुरावा सोडू नका.